जोखमीची वही : ‘लक्ष ठेवणे’ हा उपाय नव्हे

मालेगावातील आपले काही कारखानेदार बांधव साधे माग काढून रॅपियर माग बसवत आहेत. असे काम हाती घेताना कोटेशन, जागा, भांडवल आणि भागीदारी यांचा हिशेब सगळेच करतात. पण कामात काय बिघडू शकते याची वही फार थोडे लोक ठेवतात. इंजिनिअर आणि मोठे ठेकेदार तिला ‘रिस्क रजिस्टर’ म्हणतात. आम्ही ती वही ठेवली होती आणि तरीही नुकसान सोसले. वही ठेवण्यात आमची चूक नव्हती, चूक लिहिण्यात होती. त्या चुकीची तफसील आज देत आहोत, कारण नवीन शेड टाकणाऱ्या कोणाच्याही बाबतीत ती घडू शकते.

वहीत होते, तरी घडले

2018 साली आम्ही दोन भागीदारांसह एका जुन्या शेडमधील 24 साधे माग काढून 8 रॅपियर माग बसवायचे ठरवले. एका ओळखीच्या इंजिनिअरने वही ठेवायला सांगितले. आम्ही एका बैठकीत 31 ओळी लिहून काढल्या. पाचवी ओळ अशी होती : ‘वीज : अडचण येऊ शकते : लक्ष ठेवणे.’

माग ट्रकमधून उतरले, पायावर बसले, बीमही आले. पण शेडचा मंजूर वीजभार होता 20 किलोवॅट. साध्या मागाला साधारण 1 हॉर्सपॉवरची मोटर असते, म्हणून 24 मागांना तेवढा भार पुरत होता. नवे माग प्रत्येकी 4 किलोवॅटचे होते. आठांचे 32 आणि दिवे, पंखे व कांडी मशीनचे 3 धरून 35 किलोवॅट लागणार होते. भारवाढीचा अर्ज माग आल्यानंतर गेला. मग जागेची तपासणी, डिमांड नोट, पैसे भरणे, नवी केबल आणि इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट या पायऱ्या एकामागून एक पार कराव्या लागल्या. यात 38 दिवस माग उभे राहिले. आमच्या हिशेबाने आठ माग दिवसाला 750 मीटर कापड देणार होते आणि मजुरीचा दर मीटरला 8 रुपये होता. म्हणजे रोज 6,000 रुपये, आणि 38 दिवसांचे 2 लाख 28 हजार रुपये बुडाले.

यात वीज कंपनीचा दोष काढता येणार नाही. अर्ज उशिरा गेला तो आमच्याकडून. एका भागीदाराला वाटले की इलेक्ट्रिशियनने अर्ज दिला असेल, इलेक्ट्रिशियनला वाटले की शेठ सांगतील तेव्हा द्यायचा. वहीतली पाचवी ओळ तिघांनीही वाचली होती. पण ती वाचून कोणालाही उद्या सकाळी उठून काय करायचे ते कळत नव्हते.

चार खाने, चार शब्द

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. वही पुन्हा लिहायला बसलो तेव्हा इंग्रजी मथळे बाजूला ठेवले आणि चार ओळखीचे शब्द घेतले : सबब, अंदेशा, असर, तदबीर. मराठीत कारण, धोका, परिणाम आणि उपाय. या चार शब्दांची सरमिसळ झाली की नोंद बिघडते. आमच्या 31 ओळींत बहुतेक ठिकाणी तेच झाले होते.

सबब म्हणजे आज खरी असलेली गोष्ट. तिच्यात ‘कदाचित’ नसते, ती मोजून किंवा कागद पाहून सांगता येते. अंदेशा म्हणजे अजून न घडलेली गोष्ट, जी घडेल किंवा घडणारही नाही. असर म्हणजे ती घडलीच तर कामावर काय होईल, ते दिवसांत आणि रुपयांत. तदबीर म्हणजे आपण काय करणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

आता पाचवी ओळ पाहा. ‘वीज’ हा अंदेशा नाही, ते एका वस्तूचे नाव आहे. ‘अडचण’ हा असर नाही, कारण किती अडचण ते कळत नाही. ‘लक्ष ठेवणे’ ही तदबीर नाही, कारण तिला तारीख नाही आणि माणूस नाही. तीच नोंद अशी लिहायला हवी होती :

सबब : शेडचा मंजूर भार 20 किलोवॅट आहे, आठ मागांसह 35 लागतील.
अंदेशा : माग बसतील त्या दिवसापर्यंत वाढीव भार सुरू झालेला नसेल.
असर : आठही माग उभे राहिले तर दिवसाला 6,000 रुपये मजुरी बुडेल.
तदबीर : मागांची ऑर्डर देण्याच्या आठवड्यातच भारवाढीचा अर्ज धाकटे भागीदार स्वतः देतील आणि पोच वहीला लावतील. ट्रक निघण्याच्या 15 दिवस आधी डिमांड नोट भरलेली नसेल तर मागवाल्याला दुसरा ट्रक थांबवायला सांगायचे आणि जुन्या भारावर चार माग सुरू करायचे.

शेवटचे वाक्य लक्षात घ्यावे. चार मागांचे 16 आणि इतर 3 मिळून 19 किलोवॅट होतात, म्हणजे जुन्या 20 मध्ये चार माग चालले असते. हे गणित आम्हाला माग आल्यावरही सुचले नाही. नोंदीत आकडे असते तर ते कागदावरच दिसले असते. नेमके लिहिण्याचा हाच फायदा आहे : सबब आकड्यात लिहिली की तदबीर तिच्यातूनच निघते.

नोंद तपासायचे तीन सवाल

2024 साली दुसऱ्या शेडमध्ये आणखी 8 माग बसवताना आम्ही प्रत्येक ओळीला तीन सवाल विचारले.

पहिला सवाल : हे न घडण्याचीही शक्यता आहे का? नसेल तर तो अंदेशा नव्हे. जुन्या वहीत ‘रॅपियर चालवणारा कारागीर नाही’ अशी ओळ होती. तो नव्हताच, ते त्या दिवशीचे वास्तव होते. अशी गोष्ट या वहीतून काढून कामाच्या यादीत घालावी : दोन कारागीर अमुक तारखेपर्यंत दुसऱ्याच्या शेडमध्ये शिकायला पाठवणे. खरा अंदेशा त्याच्या पुढचा आहे. शिकून आलेला कारागीर माग सुरू होण्याआधीच दुसरीकडे जाईल हा अंदेशा आहे. त्याची तदबीर म्हणून आम्ही दोनऐवजी तीन जण शिकवले.

दुसरा सवाल : कशामुळे? ‘मंदी’ असे लिहिले की मनाला वाटते काम झाले. पण मंदीवर एक तदबीर कशी असेल? कशामुळे असे विचारल्यावर आमच्या ‘मंदी’चे दोन तुकडे झाले. सूत घेतल्यानंतर भाव उतरतील हा एक अंदेशा. ज्या एकाच पार्टीचे बीम चालवतो ती काम बंद करेल हा दुसरा. पहिल्यावर सुताचा साठा कमी ठेवणे ही तदबीर आहे, दुसऱ्यावर दुसरी पार्टी शोधणे. एका ओळीत दोन सबबी असतील तर दोन ओळी कराव्यात.

तिसरा सवाल : मग काय होईल? ‘नुकसान होईल’ हे उत्तर चालत नाही. किती दिवसांनी, किती रुपये आणि कशाचे, असे विचारत जावे. आकडा अंदाजाचा असला तरी लिहावा आणि तो कसा काढला तेही लिहावे, म्हणजे चुकला तर दुरुस्त करता येतो.

उधारीची नोंद

पेमेंटच्या अंदेशावर हे सवाल कसे चालवले ते पाहू, कारण तो प्रत्येक कारखानेदाराच्या घरचा आहे. पहिला मसुदा होता : ‘पेमेंट उशिरा : त्रास : पाठपुरावा.’ दुरुस्त केलेली नोंद अशी :

सबब : आठही माग एकाच व्यापाऱ्याच्या बीमवर आहेत आणि 30 दिवसांची मुदत फक्त तोंडी ठरली आहे.
अंदेशा : त्याची बिले 30 दिवसांत येणार नाहीत.
असर : शेडचा मजुरी, वीज व भाडे मिळून रोजचा खर्च 3,500 रुपये आहे. शिल्लक 1 लाख 40 हजार आहे, ती 40 दिवस पुरेल. 41 व्या दिवशी मजुरांचा पगार थकेल आणि शिकवलेले कारागीर निघून जातील.
तदबीर : महिनाअखेरपर्यंत थोरले भागीदार मुदत लेखी करून घेतील. एका पार्टीला चारपेक्षा जास्त माग द्यायचे नाहीत. बिल 10 दिवस थकले की त्या पार्टीचा पुढचा बीम चढवायचा नाही.

मुदत लेखी करण्याला कायद्याचाही आधार आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस धरले जातात. 2023 च्या दुरुस्तीने याला आयकराची जोड मिळाली : या मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच खर्चात धरता येते. मात्र यासाठी कारखान्याची उद्यम नोंदणी हवी, आणि नुसता व्यापार करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. शिवाय कायदा दाखवला की व्यापारी बीम दुसरीकडे नेऊ शकतो. म्हणून आम्ही कायद्यावर सगळा भार टाकला नाही, चार मागांची मर्यादाही लिहिली.

त्या वर्षी एक बिल खरोखर 10 दिवस थकले. बीम उतरल्यावर त्या पार्टीचा पुढचा बीम आम्ही चढवला नाही. पूर्वी अशा वेळी भागीदारांत वाद व्हायचा, कोणी म्हणे जुना माणूस आहे, थांबा. या वेळी वाद झाला नाही, कारण किती दिवस थांबायचे ते शांत डोक्याने आधीच लिहिले होते.

वहीच्या मर्यादा

न सुचलेला अंदेशा वहीत येत नाही. 2024 मध्ये एका मागाचे कंट्रोल कार्ड जळाले आणि तसले कार्ड मिळेपर्यंत तो माग 9 दिवस बंद राहिला. ती ओळ आमच्याकडे नव्हती, आता आहे. ओळी फार झाल्या तरी वही कोणी वाचत नाही. आमच्या 31 ओळींच्या आता 11 उरल्या आहेत. जुम्याला माग बंद असतात, त्या दिवशी नमाजनंतर तिघे भागीदार बसून त्या वाचतो. ज्या अंदेशाची वेळ निघून गेली तो तारीख टाकून बंद करतो आणि ज्या तदबीरीची तारीख उलटली तिच्यापुढे नाव असलेल्या माणसाला तिथेच विचारतो.

सूरह बकराहमध्ये उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद आहे. देण्याघेण्याच्या वहीत आपण रक्कम, नाव आणि तारीख यांपैकी एकही गोष्ट सोडत नाही. अंदेशाच्या वहीतही तेवढेच लिहायचे आहे. ज्या ओळीत आकडा, नाव आणि तारीख नाही, ती ओळ या जुम्याला पुन्हा लिहायला घ्यावी.