पट्टा बुटाशी, मोजे पँटशी

राखाडी पँट, पांढरा शर्ट आणि पायात तपकिरी बूट, असा साधा ऑफिसचा वेश घ्या. यात सगळ्यात जास्त बिघडतात ते मोजे. बुटाच्या रंगाचे तपकिरी मोजे घातले, तर राखाडी पँटखाली बूट घोट्यापर्यंत चढल्यासारखा दिसतो आणि पाय आखूड वाटतो. मोजे पँटच्या राखाडीतलेच, किंचित गडद घ्या. मग खुर्चीत बसल्यावरही पँटची रेघ बुटापर्यंत अखंड राहते. लांबी मात्र पोटरीच्या मध्यापर्यंत हवी. घोट्याशी संपणारे मोजे असले की बसताना पँट वर सरकते आणि उघडी कातडी दिसते.

पट्ट्याचे नाते बुटाशी. तपकिरी बुटावर तपकिरीच पट्टा, शक्यतो तितकाच गडद. छटा थोडी चुकली तरी चालते, पण चकाकत्या बुटावर खरखरीत, रुंद जीन्सचा पट्टा लगेच खटकतो. साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा, लहान बकलचा पट्टा पुरे.

नेव्ही पँटवर काळे आणि तपकिरी दोन्ही बूट शोभतात. काळ्या पँटवर मात्र काळेच घाला. एकच जोड घेणार असाल, तर गडद तपकिरी घेण्याआधी कपाटात काळ्या पँट किती आहेत ते पाहा.