“भाव काय ताई?” याचं उत्तर आधीच लिहून ठेवा

मैत्रिणींनो, सप्टेंबर ते नोव्हेंबर आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम असतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे शहरातली गिऱ्हाइकंही व्हॉट्सॲपवर विचारू लागली आहेत. पण आपण रानात तोडणीला असतो. संध्याकाळी उत्तर देईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. घाईत नुसतं “१२०” लिहून पाठवलं, तर किलो की डझन, हेच त्याला कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. त्यात Business tools मधल्या Quick replies मध्ये जाऊन उत्तर लिहा आणि त्याला छोटं नाव द्या, जसं bhav. मग चॅटमध्ये `/bhav` टाईप केलं की पूर्ण उत्तर समोर येतं.

भाव विचारला तर: “नमस्कार, २ किलोची पेटी २४० रुपये. बीड शहरात घरपोच ३० रुपये वेगळे. आपल्याला किती पेट्या आणि कोणत्या दिवशी हव्यात?” भाव आमच्या उदाहरणातला आहे, तुमचा तुम्ही घाला. शेवटी प्रश्न ठेवा, म्हणजे बोलणं ऑर्डरकडे जातं.

“पिकलेली देता का?” असं विचारलं तर: “पिकलेलं फळ वाटेत फुटतं, म्हणून आम्ही डोळे उघडलेली, कडक फळं देतो. दोन-चार दिवसांत ती घरी पिकतील. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, काळी पडतात.” हे आधीच सांगितलं की “कच्ची फळं दिली” ही तक्रार येत नाही.

“कमी करा ना” म्हटलं तर: “एका पेटीला हाच भाव आहे. पाच पेट्या घेतल्या तर घरपोचचे पैसे घेणार नाही.” नकार देतानाही एक वाट मोकळी ठेवा.

पैसे पाठवल्याचा फोटो आला तर: “धन्यवाद. खात्यात जमा झालेले दिसले की लगेच पेटी पाठवते.” हे उत्तर कधीच सोडू नका. असे फोटो खोटेही बनवता येतात आणि फसवणुकीचा मेसेजही बँकेसारखाच दिसतो. म्हणून आपल्या पैशाच्या ॲपमध्ये जमा रक्कम स्वतः बघा, मगच माल हलवा. “पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका” असं कोणी म्हटलं तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

फळ खराब निघाल्याची तक्रार मात्र तयार उत्तराने भागवू नका. “फोटो पाठवा, मी संध्याकाळी फोन करते” एवढं लिहा आणि खरंच फोन करा. हंगाम सरला की भावाचं जुनं उत्तर आठवणीने बदला. नाहीतर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक जुन्याच भावावर अडून बसेल.