बॅकटेस्टमधला नफा कुठे गळतो?

ट्रेडिंगव्ह्यूच्या चार्टवर पाइन भाषेत चार-सहा ओळींचे नियम लिहायचे, की गेल्या काही वर्षांत त्या नियमांनी किती कमावले असते त्याचा अहवाल समोर येतो. चढत्या आलेखाचा हा अहवाल हल्ली अनेकांच्या मोबाइलवर फिरत असतो आणि कुणीतरी त्याच्याच जोरावर स्क्रिप्ट विकतही असते. आलेख खोटा नसतो, पण तो काही गृहीतकांवर उभा असतो आणि ती गृहीतके स्ट्रॅटेजीच्या `Properties` या पानावर लिहिलेली असतात. बहुतेक जण ते पान उघडत नाहीत. तिथे कमिशन मुळात शून्य असते आणि स्लिपेजही शून्यच. म्हणजे काहीच न बदलता काढलेला अहवाल अशा बाजाराचा असतो, जिथे दलाली नाही, कर नाही आणि मागाल त्या भावाला माल मिळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, 500 रुपयांच्या आसपास फिरणारा एक शेअर आहे. पंधरा मिनिटांच्या कँडलवर इंट्राडे सौदे करायचे, दर वेळी 200 शेअर, म्हणजे साधारण 1 लाखाचा सौदा. खात्यात भांडवल 5 लाख. वर्षभरात 300 सौदे झाले आणि खर्च न धरता एका सौद्यामागे सरासरी 130 रुपये सुटले, तर अहवालात 39,000 रुपये नफा दिसेल. भांडवलावर 7.8 टक्के. वाईट नाही.

आता कमिशन. एक लाखाच्या इंट्राडे सौद्यात डिस्काउंट ब्रोकरची दलाली येता-जाता 20-20 रुपये धरा. विकताना 0.025 टक्के एसटीटी म्हणजे 25 रुपये, घेताना 0.003 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3 रुपये. त्यावर एक्स्चेंजचे शुल्क, सेबीचे किरकोळ शुल्क आणि जीएसटी. बेरीज 80 रुपयांच्या थोडी वर जाते. पाइनला एसटीटी आणि मुद्रांक वेगळे सांगायची सोय नाही, म्हणून हे सगळे एका टक्केवारीत बसवावे लागते. इथे दोन चुका हमखास होतात. पाइन हे कमिशन घेताना एकदा आणि विकताना पुन्हा एकदा कापते. त्यामुळे पूर्ण फेरीचा खर्च 0.08 टक्के असेल, तर चौकटीत त्याच्या निम्मा, 0.04 भरायचा. दुसरी चूक उलट्या बाजूची: आकडा टक्क्यांतच मागितलेला असतो, पण काही जण शंभराने भागून 0.0004 लिहितात आणि कमिशन लावल्याच्या समाधानात राहतात.

0.04 भरले की प्रत्येक सौद्यातून 80 रुपये जातात. 300 सौद्यांचे 24,000. नफा उरला 15,000. शिवाय जे सौदे पन्नास-साठ रुपयांनी जिंकलेले दिसत होते ते आता तोट्यात गेले, त्यामुळे जिंकलेल्या सौद्यांची टक्केवारीही खाली येते. सेबीने जुलै 2024 मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 2022-23 मध्ये तोट्यात गेलेल्यांनी आपल्या तोट्याच्या वर आणखी 57 टक्क्यांएवढी रक्कम सौद्यांच्या खर्चापोटी घालवल्याचे आढळले.

स्लिपेज म्हणजे पडद्यावर दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतली घसर. ही चौकट रुपये किंवा टक्के घेत नाही, टिक घेते, म्हणजे त्या शेअरचा भाव कमीत कमी जेवढ्याने हलतो ते पाऊल. आपल्या शेअरची टिक 5 पैसे धरू. स्लिपेज 2 लिहिले की खरेदी 10 पैशांनी महाग आणि विक्री 10 पैशांनी स्वस्त होते. 200 शेअरवर प्रत्येक बाजूला 20 रुपये, सौद्याला 40. 300 सौद्यांचे 12,000. हातात राहिले 3,000, भांडवलावर 0.6 टक्के. नियमांची एक ओळही बदललेली नाही. वर्षभराच्या 39,000चे 3,000 करायला दोन चौकटी पुरल्या.

ही चौकट मार्केट आणि स्टॉप ऑर्डरना लागू होते, लिमिट ऑर्डरना नाही. तिचे दोष मोठे आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतानाची धांदल आणि दुपारी एकची शांतता यांना ती एकच घसर लावते. पाइनचा एम्युलेटर, म्हणजे ऑर्डर पूर्ण झाली असे ठरवणारी यंत्रणा, त्या कँडलमध्ये किती शेअरची उलाढाल झाली तेही बघत नाही. 200च्या जागी 20,000 शेअर मागा, तेही त्याच भावाला मिळतात. वरच्या सर्किटला लागलेला, विकणाराच नसलेला शेअरही अहवालात सुखाने खरेदी होतो. छोट्या कंपन्यांच्या शेअरवरचे देखणे आलेख या कारणासाठीच मी गंभीरपणे घेत नाही.

लिमिट ऑर्डरला स्लिपेज नाही म्हणून ती सुरक्षित, असे वाटेल. पण खरी सूट तिलाच मिळालेली असते. आपल्याच पद्धतीला टार्गेट आणि स्टॉपलॉस लावू. खरेदी 500ला, टार्गेट 506ला, स्टॉप 497ला. एका कँडलचा उच्चांक बरोबर 506.00 आला आणि भाव खाली वळला. पाइनच्या मूळ गृहीतकानुसार भावाने लिमिटला स्पर्श केला की ऑर्डर पूर्ण. एनएसईवर त्या भावाला आधी ज्यांनी ऑर्डर लावली त्यांचा नंबर आधी लागतो. 506ला हजारो शेअर विकायला लागलेले असतील आणि तिथे थोडीच खरेदी झाली असेल, तर तुमचे 200 रांगेत तसेच राहतात. भाव पुढे 497पर्यंत उतरला, तर अहवालात 1,200 नफा आणि खात्यात 600 तोटा. एका सौद्यात 1,800 रुपयांचे अंतर. यावर उपाय म्हणून `Verify price for limit orders` ही चौकट आहे. तिथे 1 लिहिले की भाव लिमिटच्या एक टिक पलीकडे गेल्यावरच ऑर्डर पूर्ण धरली जाते. एवढ्या बदलाने एखाद्या पद्धतीचा नफा निम्मा झाला, तर तो नफा रांगेत पुढे उभे राहण्याच्या कल्पनेवर चालला होता असे समजावे.

यापेक्षाही गमतीदार प्रकार कँडलच्या पोटात घडतो. जुन्या कँडलचे पाइनला चारच आकडे माहीत असतात: सुरुवात, उच्चांक, नीचांक, शेवट. भाव आधी वर गेला की खाली, हे त्यांतून कळत नाही. मग एम्युलेटर एक नियम लावतो. सुरुवातीचा भाव उच्चांकाच्या जास्त जवळ असेल तर भाव आधी वर गेला, नाहीतर आधी खाली. सौदा चालू असताना एक कँडल 502ला उघडली, उच्चांक 507, नीचांक 496. वरचे अंतर 5, खालचे 6. म्हणजे आधी वर, 506चे टार्गेट मिळाले, 1,200 नफा. तीच कँडल 501ला उघडली असती तर वरचे अंतर 6 आणि खालचे 5, म्हणजे आधी खाली, 497चा स्टॉप लागला, 600 तोटा. प्रत्यक्षात काय घडले त्याचा याच्याशी संबंध असेलच असे नाही.

ट्रेलिंग स्टॉपमध्ये हे गृहीतक फार उदार होते. 502पासून 507पर्यंत भाव एकदाही न अडखळता चढला असे धरले जाते, त्यामुळे एक रुपयाचा ट्रेलिंग स्टॉप थेट 506ला नफा घेऊन बाहेर पडतो. खऱ्या बाजारात भाव दोन पावले पुढे, एक मागे असा जातो आणि तोच स्टॉप 501-502लाच उडाला असता. नव्वद टक्के सौदे जिंकणारी पद्धत कुणी दाखवली आणि तिच्यात बारीक ट्रेलिंग स्टॉप असला, तर आधी `List of trades` उघडून सौद्यांच्या वेळा बघाव्यात. प्रवेश आणि निर्गमन वारंवार एकाच कँडलमध्ये होत असतील, तर तो अहवाल बाजाराचा नसून गृहीतकाचा आहे. ट्रेडिंगव्ह्यूच्या महागड्या योजनांमध्ये बार मॅग्निफायर मिळतो. तो मोठ्या कँडलच्या आतल्या छोट्या कँडल वाचतो, त्यामुळे अंदाज बराच सुधारतो. छोट्या कँडलच्या पोटात मात्र पुन्हा तोच नियम चालतो.

ऑर्डर कधी पूर्ण होते, हाही प्रश्न आहे. कँडल बंद झाल्यावर संकेत आला तर पाइन सहसा पुढच्या कँडलच्या सुरुवातीच्या भावाला सौदा करते, आणि ते योग्यच आहे. `process_orders_on_close` चालू केले की ज्या शेवटच्या भावावरून संकेत मिळाला त्याच भावाला खरेदी होते. दैनिक चार्टवर याने रात्रीची गॅप अलगद तुमच्या बाजूने जाऊ शकते. हेकिन आशी चार्टवर तर सौदे सरासरी काढलेल्या, बाजारात कधी न आलेल्या भावांना होतात. तिथे खरे भाव वापरण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

पिरॅमिडिंग या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. ते खर्च लपवत नाही, मोजणी बदलते. एकाच दिशेने किती वेळा भर घालायची ती मर्यादा इथे लिहायची. मूळ सेटिंगमध्ये एकच प्रवेश होतो. ती 3 केली, 500, 504 आणि 508ला दोन-दोनशे शेअर घेतले आणि सगळे 507ला विकले. अहवालात हा एक सौदा नसून तीन सौदे आहेत: 1,400 नफा, 600 नफा, 200 तोटा. एका निर्णयाचे तीन सौदे झाल्याने सौद्यांची संख्या भरगच्च आणि पुरावा भक्कम वाटू लागतो. खर्च धरून हिशेब असा: एकट्या सौद्यात 1,400 वजा 120, म्हणजे 1,280. तिन्ही मिळून 1,800 वजा 360, म्हणजे 1,440. भांडवल तिप्पट गुंतवून जादा मिळाले 160 रुपये. भाव 503ला परतला असता तर एकट्या सौद्यात नफा आणि तिघांत मिळून तोटा दिसला असता. जुन्या स्क्रिप्ट वाचताना आणखी एक बघावे. पाइनच्या पाचव्या आवृत्तीत मार्जिन मुळात शून्य धरलेले होते, त्यामुळे खात्यात पैसे नसतानाही भर घातली जाई. सहाव्या आवृत्तीत ते 100 टक्के आहे. तीच स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत आणल्यावर सौदे कमी झाले, तर कारण बहुधा हेच.

आपल्या उदाहरणासाठी प्रामाणिक सुरुवात अशी होईल:

```
//@version=6
strategy("15m test", overlay=true,
     initial_capital=500000,
     default_qty_type=strategy.fixed,
     default_qty_value=200,
     commission_type=strategy.commission.percent,
     commission_value=0.04,
     slippage=2,
     pyramiding=0,
     backtest_fill_limits_assumption=1)
```

यानंतर स्लिपेज 2चे 4 करून बघा. आपल्या पद्धतीतून आणखी 12,000 जातील आणि 3,000च्या नफ्याचा 9,000 तोटा होईल. दोन टिकांनी बुडणारी पद्धत वापरायच्या लायकीची नाही. आणि कुणी आपली स्क्रिप्ट विकायला आले, तर आलेखाआधी `Properties`चे पान दाखवायला सांगा. ते दाखवायची तयारी नसेल, तर पैसे देऊ नका.