पास्त्यातली कणी

पाकिटावरच्या वेळेला दोन मिनिटं बाकी असताना पातेल्यातून स्पॅगेटीची एक काडी उचलावी आणि सुरीने आडवी कापावी. कापलेल्या तोंडाशी मधोमध पांढरा ठिपका दिसतो, भोवतालचा भाग पिवळसर आणि किंचित पारदर्शक असतो. भातात अशी कणी राहिली तर आपण झाकण लावून भात पुन्हा वाफेवर ठेवतो. इटलीत मात्र सगळी नजर या कणीवरच असते. ती टाचणीच्या डोक्याएवढी होऊन पुसट व्हायला लागली की पास्ता 'अल देन्ते' झाला. चावताना दाताला हलका अडसर जाणवतो, पण कच्च्या पिठाची चव लागत नाही. ठिपका मोठा, खडूसारखा आणि दाताला चिकटणारा असेल तर तो नुसता कच्चा. ठिपका कधीचाच नाहीसा झाला असेल आणि काडी बोटात दाबताच मोडत असेल, तर वेळ टळून गेलेली असते.

पांढरा रंग असतो पाणी न पोचलेल्या स्टार्चचा. पाणी आणि उष्णता मिळाली की स्टार्चचे कण फुगतात आणि पारदर्शक होतात. या फुगणाऱ्या कणांना जागेवर धरून ठेवायचं काम गव्हातल्या प्रथिनांचं जाळं करतं. ड्युरम या कठीण गव्हात ते चिवट असतं, म्हणून आतली कणी विरेपर्यंत बाहेरचा थर टिकून राहतो. इटलीने 1967 साली कायदाच केला की तिथला सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. साध्या गव्हाच्या किंवा मैद्याच्या स्वस्त पास्त्यात हे जाळं दुबळं पडतं. पाणी लवकर पांढरट होतं, बाहेरून गिचका आणि आत कच्चं अशी गत होते, आणि घड्याळ कितीही पाहिलं तरी मधला योग्य क्षण हाती लागत नाही. म्हणून आधी पाकिटामागचे घटक वाचावेत.

आता वेळ. पास्त्याची लांबी किंवा आकार किती मोठा यापेक्षा त्याची भिंत किती जाड, यावर वेळ ठरतो, कारण पाण्याला बाहेरून मध्यापर्यंत झिरपत जायचं असतं. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट लागतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा कापेलिनी दोन-तीन मिनिटांत होतो, तर त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड स्पॅगेटीला आठ ते दहा मिनिटं लागतात. बुकातिनी स्पॅगेटीहून बराच जाड, तरीही जवळपास स्पॅगेटीएवढ्याच वेळात शिजतो. त्याच्या मधून आरपार भोक असतं आणि पाणी आतूनही शिरतं.

पेन्ने आणि फुसिल्लीला बहुधा दहा ते बारा मिनिटं लागतात, रिगातोनीला त्याहून किंचित जास्त, आपल्याकडच्या बारीक वाकड्या मॅकरोनीला सात ते नऊ. पेन्नेत ठिपका शोधू नये. नळी आडवी कापली की भिंतीच्या जाडीत पांढरी रेघ दिसते, ती विरत आली का ते पाहायचं. सगळ्यात फसवा आकार फारफाल्ले, म्हणजे फुलपाखरू. पंख पातळ आणि मधली चिमटी दुमडलेली, त्यामुळे एकाच तुकड्यात दोन जाड्या येतात. पंख चाखून गॅस बंद केला तर चिमटी कडक राहते आणि चिमटी मऊ होईपर्यंत थांबलं तर पंख लिबलिबतात. चिमटी कापून पाहावी, रेघ बारीक उरली की काढावं आणि पंखांची थोडी मऊ बाजू सोसावी. इलाज नाही. पाकिटावरची वेळ त्या कंपनीच्या जाडीसाठी असते, त्यामुळे एका कंपनीचे अकरा दुसरीला लावू नयेत.

पाणी आणि मिठाचं इटालियन घरांतलं माप सोपं आहे: 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. मिठाचा आकडा ऐकून दचकायला होतं. पण 100 ग्रॅम पास्ता शिजताना जेमतेम सव्वाशे ग्रॅम पाणी पितो, तेव्हा त्याच्यासोबत फार तर ग्रॅम-सव्वा ग्रॅम मीठ आत जातं, बाकीचं पाण्याबरोबर मोरीत. वरून घातलेलं मीठ नुसतं पृष्ठभागावर राहतं, आत मुरायची संधी उकळतानाच. मीठ घातल्याने पाणी जास्त तापतं, असंही म्हणतात. एवढ्या मिठाने उत्कलनबिंदू एका अंशाचा पाचवा भागही वाढत नाही. मीठ चवीसाठी, बस्स.

पाण्याचं माप मात्र तितकं पवित्र नाही. भरपूर पाण्यात पास्ता टाकला की पाण्याचं तापमान कमी उतरतं आणि सुटलेला स्टार्च पातळ राहतो, एवढाच त्याचा फायदा. निम्म्या पाण्यातही पास्ता नीट शिजतो, फक्त पहिली दोन मिनिटं चमचा हलता हवा. तेव्हाच पृष्ठभागावरचा स्टार्च चिकट असतो आणि काड्या एकमेकींना धरतात. नंतर तो पाण्यात सुटतो आणि चिकटायची भीती जाते. या कामासाठी पाण्यात तेल ओतण्यात अर्थ नाही. तेल वर तरंगतं आणि गाळताना पास्त्याला लागून सॉस धरू देत नाही. पाणी कमी केलं तर मीठही त्याच प्रमाणात कमी करायला हवं, उलट थोडं जास्तच कमी, कारण आटताना उरलेलं पाणी खारट होत जातं. 200 ग्रॅमला 1 लिटरच पाणी घेतलं, तर आठ ग्रॅम मीठ पुरतं.

दोघांसाठी लसूण-तेलाची स्पॅगेटी, इटलीतली 'आल्यो ए ओल्यो', घेऊ. 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लिटर पाणी, 20 ग्रॅम मीठ. बारीक मीठ असेल तर सपाट भरलेले सुमारे साडेतीन चहाचे चमचे होतात; खडे मिठाला हे माप चालत नाही, ते तोलून घ्यावं. पाणी खळखळून उकळलं की मीठ, मग काड्या न मोडता घालाव्यात. खालचा भाग मऊ झाला की त्या आपोआप आत बसतात. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला कापून पाहावं. ठिपका स्पष्ट दिसत असतानाच चिमट्याने सरळ कढईत काढायचं. तिथे मंद आचेवर तेलात लसणीच्या चकत्या आणि सुकी मिरची तयार असते. लसूण सोनेरी झाली की पळीभर पास्त्याचं पाणी ओतलं तरच ती करपायची थांबते.

शेवटची दोन मिनिटं पास्ता या पाणी-तेलात शिजवायचा. कढई हलवत राहावी, कारण पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकत्र येऊन काड्यांना दाटसर लेप बसतो. कोरडं वाटलं तर आणखी अर्धी पळी पाणी. हे पाणी खारट असतं, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखावं, बहुतेकदा लागतच नाही. पास्ता गाळून थंड पाण्याखाली धरू नये. लेप बसवणारा स्टार्च तिथेच धुऊन जातो. थंड सॅलडसाठी करायचा असेल तर गोष्ट वेगळी. ताटात वाढेपर्यंत आतला ओलावा मध्याकडे सरकतच असतो, म्हणून कढईतून काढताना ठिपका अजून पुसटसा दिसायला हवा.

आपल्याकडे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर वर गेलं की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. पुण्यात ते सुमारे 98 अंशांना, महाबळेश्वरला 96 च्या खाली. पुण्यात फरक क्वचितच जाणवतो. महाबळेश्वरला जाड पेन्नेसाठी पाकिटावरच्या वेळेत दीडेक मिनिट धरून ठेवावं आणि तरीही एक नळी कापूनच पाहावी.