पट्टा छातीवर, आकडा कुठे?

शनिवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. दाजींनी सायकल चालवताना छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा आणला होता आणि तासभर खटपट करूनही ॲपमध्ये ठोके दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे सिंहगडाला जायचं ठरलं होतं. घाट चढताना ठोके १४०च्या वर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. त्यामुळे तो आकडा समोर दिसणं गरजेचं होतं.

मी पोहोचलो तेव्हा पट्टा टेबलावर पडला होता आणि दाजी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याला शोधत होते. बहुतेकांची गाडी अडते ती याच दोन गोष्टींवर.

टेबलावर पडलेला पट्टा झोपलेला असतो. त्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत भाग असतात, त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. ते ओल्या कातडीला टेकले की मधे लावलेला छोटा डबा, म्हणजे पॉड, जागा होतो. म्हणून आधी दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने चांगले ओले करायचे, पट्टा छातीच्या खाली घट्ट पण श्वास न कोंडेल असा बांधायचा आणि मगच फोन हातात घ्यायचा.

दुसरी गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. हेडफोन आपण फोनच्या सेटिंगमधून जोडतो, कारण आवाज सगळ्या फोनचा असतो; गाणं असो वा कॉल, तो तिथूनच ऐकू येतो. पट्ट्यातले ठोके मात्र फक्त व्यायामाच्या ॲपला हवे असतात, म्हणून जोडणीही ॲपच्या आतूनच करायची असते. पट्टा जागा झाला की ‘मी इथे आहे’ अशी हाळी थोड्या थोड्या वेळाने देत राहतो. ती ऐकून कोणी त्याच्याशी जोडलं गेलं, की बरेचसे पट्टे हाळी देणं थांबवतात. काही नवे पट्टे एकाच वेळी दोघांशी बोलू शकतात, पण पुष्कळसे एकाशीच. सेटिंगमधून जोडलेला पट्टा फोनने असा अडवून ठेवला, तर ॲपला तो सापडतच नाही. स्क्रीनवर ‘जोडलेलं आहे’ असं दिसतं आणि ॲप मात्र ‘सेन्सर मिळाला नाही’ म्हणतं.

म्हणून आम्ही दाजींच्या फोनच्या ब्लूटूथ यादीत पट्ट्याच्या नावावर जाऊन Forget दाबलं. ब्लूटूथ चालूच ठेवलं. मग ॲपच्या परवानग्या पाहिल्या. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनवर ॲपला Nearby devices ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर Location द्यावं लागतं, नाहीतर सेन्सरचा शोधच सुरू होत नाही. आयफोनवर ॲपला ब्लूटूथची परवानगी लागते. दाजींनी पहिल्याच दिवशी घाईत ‘नको’ दाबलं होतं. ते बदललं आणि ॲपमध्ये सेन्सर जोडण्याच्या पानावर जाऊन शोध सुरू केला.

तरीही काही नाही!

अशा वेळी पट्टा बिघडला म्हणून दुकानात परत नेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: तो दुसऱ्या कोणाशी बोलत तर नाही ना? दाजी म्हणाले, ‘सकाळी जुन्या फोनवर लावून पाहिला होता, तेव्हा लागला होता.’ तो जुना फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि तेच ॲप त्याच्यावर उघडं होतं. दाजींनी छातीला पट्टा बांधला, की तो आधी तिकडे जाऊन चिकटत होता. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि काही सेकंदांत नव्या फोनच्या ॲपमध्ये पट्ट्याचं नाव उमटलं. घड्याळ, टॅब, सायकलचा कॉम्प्युटर, यांपैकी कोणीही असा चोर असू शकतो. एकेकाचं ब्लूटूथ बंद करत गेलं की तो सापडतो.

नावापुढे बहुधा एक क्रमांक असतो आणि तोच पॉडवरही छापलेला असतो. तो जुळवून पाहायचा. घरी एकच पट्टा असताना हे अनावश्यक वाटेल, पण डोणजे फाट्यावर दहा सायकलस्वार एकत्र उभे असताना शेजाऱ्याचे ठोके आपल्या स्क्रीनवर येऊ शकतात.

जोडल्यावर आम्ही एक साधी परीक्षा घेतली. दाजी शांत बसले, मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजले. ३७ आले, म्हणजे मिनिटाला ७४. ॲप ७३ ते ७५ दाखवत होतं. आता त्या आकड्यावर विसंबायला हरकत नव्हती.

पहाटे निघताना मात्र आकडा पुन्हा वेडावाकडा झाला. सपाट रस्त्यावर ९५ चालू असताना अचानक १८० आणि लगेच पुन्हा ९८. माणूस सावकाश पेडल मारत असताना ठोके असे क्षणात दुप्पट होऊन परत फिरत नाहीत. चढतात तेही पायरीपायरीने. त्यामुळे जोडणी ठीक होती, दोष इलेक्ट्रोडचा होता. गार वाऱ्यात ते वाळले होते आणि वर सिंथेटिक जर्सी फडफडत होती. बाटलीतलं थोडं पाणी लावलं, पट्टा एक घर आवळला, आकडा ताळ्यावर आला. पुढे घाम आला की हा त्रास आपोआप थांबतो. आकडा उड्या मारण्याऐवजी मधेच गायब होत असेल, तर कारण वेगळं: एकतर बटन सेल संपत आलेला असतो, नाहीतर फोन पाठीमागच्या खिशात असतो. शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी बरंच शोषून घेतं, म्हणून फोन हँडलवर लावलेला बरा.

चाकाच्या वेग-सेन्सरची जोडणीही अशीच, ॲपच्या आतून. त्याला जागं करायला चाक फिरवावं लागतं, एवढाच फरक. पण तो किलोमीटर पाठवत नाही. चाकाचे किती फेरे झाले आणि शेवटचा कधी झाला, एवढंच सांगतो. अंतर ॲप काढतं, आणि त्यासाठी चाकाचा परीघ बरोबर हवा. दाजींच्या ॲपमध्ये २१०५ मिलिमीटर भरलेलं होतं. खरा परीघ काढायला आम्ही चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूने खूण केली, दाजींना सीटवर बसवलं, सायकल सरळ पुढे नेली आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला तिथे दुसरी खूण केली. टेपने मोजल्यावर अंतर भरलं २१६८. म्हणजे ५० किलोमीटर खरे झाले तरी ॲप साडेअठ्ठेचाळीसच दाखवणार होतं. आकडा बदलला आणि काम झालं.

घाटात दाजींनी आकडा १३८ला पोचला की गिअर हलका केला, दोनदा उतरून चाललेही. वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी खाताना पट्टा अजून अंगावरच होता. घरी आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं, की पट्टा काढला की पॉड त्याच्यापासून लगेच सोडवा. ओल्या पट्ट्याला लागलेला पॉड स्वतःला छातीवरच समजतो, जागाच राहतो आणि सेल खातो. दाजींनी पॉड पुसून फळीवर ठेवला, पट्टा नळाखाली धुतला आणि दोरीवर वाळत घातला.