स्क्रीनवरच्या शिरोरेषेचे गणित

वीजबिल भरण्याच्या एखाद्या ॲपची भाषा इंग्रजीवरून मराठी करून पाहावी. अनेकदा तीन गोष्टी लगेच जाणवतात. मजकूर एकाएकी बारीक वाटू लागतो, वरची ओळ खालच्या ओळीला भिडते आणि ‘चालू बिल भरा’ या बटणावर ‘लू’चा ऊकार खालून कापला जातो. भाषांतर चोख असते, शुद्धलेखनही तपासलेले असते. घोळ असतो तो इंग्रजीसाठी ठरवलेल्या मापांत मराठी ओतण्याचा.

अँड्रॉइड फोनवर अक्षराचा आकार ‘एसपी’ या एककात मोजतात. वापरणाऱ्याने अक्षर लहानमोठे केले नसेल, तर एक एसपी म्हणजे ढोबळमानाने इंचाचा 160वा भाग. म्हणजे 16 एसपीचे अक्षर इंचाच्या दहाव्या भागाएवढे, 2.54 मिलिमीटर. पण हे माप अक्षराचे नसते. अक्षर ज्या कल्पित चौकटीत बसवतात तिच्या उंचीचे असते. रोबोटो या फॉन्टमधले इंग्रजी कॅपिटल अक्षर या चौकटीची सुमारे 70 टक्के उंची व्यापते आणि स्मॉल लिपीतला ‘एक्स’ निम्म्याहून किंचित जास्त. देवनागरीला याच हिशेबात शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे बसवायची असतात. ‘राष्ट्रीय’ हा एकच शब्द घेतला तरी त्यातल्या ‘ष्ट्री’ला किती मजले चढावे-उतरावे लागतात ते दिसते. त्यातून मूळ अक्षराच्या वाट्याला जी उंची उरते, तीत ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांची सगळी वळणे मावली पाहिजेत.

आकार लहान झाला की आधी बळी जातात त्या सारख्या दिसणाऱ्या जोड्या: ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’. यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या एका खिंडीवर किंवा एका बारीक गाठीवर उभा असतो. ती खिंड बुजली की ‘धन’ आणि ‘घन’ एकच. देवनागरी अंकांत ‘१’ आणि ‘९’ यांचेही तसेच, आणि बिलाच्या रकमेत ही गफलत महागात पडते.

म्हणून अंगवळणी पाडण्यासारखा ढोबळ नियम असा: इंग्रजी 16 एसपी असेल तिथे मराठी 17 किंवा 18 ठेवावे, आणि इंग्रजीत 12 एसपीची बारीक टीप चालत असली तरी मराठीत 14च्या खाली उतरू नये. दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट ते 1.6 पट हवे. गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये 14 एसपी मजकुराला 20 एसपीची ओळ दिलेली असते, म्हणजे सुमारे 1.43 पट. इंग्रजीला ती ऐसपैस वाटते. मराठीत वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो. गुगलला हे ठाऊक नव्हते असे नाही. मटेरियलच्या जुन्या मार्गदर्शिकेत हिंदीची गणना जास्त उंची लागणाऱ्या ‘उंच’ लिप्यांत केली होती. तरीही इंग्रजीसाठी आखलेले पडदे मोडू नयेत म्हणून अँड्रॉइडने अशा काही लिप्यांसाठी नेहमीच्या फॉन्टसोबत दाटीवाटीची आवृत्तीही ठेवली आणि बरीच वर्षे आपसूक तीच वापरली जाई. अँड्रॉइड 15साठी बनवलेल्या ॲपमध्ये हा क्रम बदलला आणि मोकळी आवृत्ती मूळ निवड झाली.

आणखी एक खोड सहज लक्षात येत नाही. मटेरियलच्या ताज्या संचात 16 एसपी मजकुराच्या दोन अक्षरांमध्ये 0.5 एसपीची जास्तीची फट सोडलेली असते. सुट्या रोमन अक्षरांना ती मानवते. देवनागरीत मात्र शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ‘फॉन्टच खराब आहे’ असा शेरा मारून संघ नवा फॉन्ट शोधायला लागतो, तेव्हा दोष अनेकदा या एका आकड्याचा असतो. जेटपॅक कम्पोजमध्ये मराठीसाठी वेगळी शैली अशी लिहिता येते:

```kotlin
val marathiBody = TextStyle(
    fontSize = 17.sp,
    lineHeight = 27.sp,
    letterSpacing = 0.sp,
    localeList = LocaleList("mr")
)
```

यातली शेवटची ओळ अनेकजण गाळतात. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेतांक एकच. मजकूर मराठी आहे हे सांगितले, तरच फॉन्ट मराठी वळण काढू शकतो, आणि तेही ते वळण त्या फॉन्टमध्ये आखलेले असेल तर.

फॉन्ट निवडताना क्रम उलटा धरावा: आधी देवनागरी, मग तिला साजेशी रोमन. रोबोटोत देवनागरी अक्षरे नाहीतच. त्यामुळे मराठी शब्द आला की फोन गुपचूप नोटो सान्स देवनागरीकडे वळतो. जुन्या फोनांत त्याची साधी आणि ठळक एवढीच दोन वजने असत. मग मध्यम जाडीचा इंग्रजी मथळा आणि त्याशेजारी साधा, फिकट मराठी मथळा अशी विजोड जोडी जमते. एकाच कुटुंबात दोन्ही लिप्या असल्या की हा प्रश्न बराच सुटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या मुक्ता या मोफत फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या सात वजनांत मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्सही दोन्ही लिप्यांचा आहे, पण त्याचा भौमितिक गोलावा मथळ्याला जितका शोभतो तितका लांब मजकुराला शोभत नाही.

आता रंग. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी तेजस्वितेचा फरक किमान 4.5 पट हवा, मोठ्या अक्षरांचा 3 पट. दोन्ही रंगांच्या तेजस्वितेत 0.05 मिळवून मोठ्या संख्येला लहानीने भागले की हे गुणोत्तर निघते. तेजस्वितेत हिरव्या घटकाचा वाटा सुमारे 71 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. महाराष्ट्रातल्या ॲपना आवडणारा भगवा इथेच फसतो. `#FF9933` या रंगात हिरवा घटक बराच असल्याने त्याची तेजस्विता 0.44च्या आसपास जाते, आणि त्यावरच्या पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर फक्त 2.1 भरते. त्याच बटणावर काळी अक्षरे टाकली तर ते 9.9 होते. पांढरीच अक्षरे हवी असतील, तर भगवा `#B34700` इतका गडद करावा लागतो, मग 5.5 मिळते.

हे सूत्र फक्त रंग मोजते, रेषेची जाडी मोजत नाही, ही त्याची मर्यादा. पांढऱ्यावर `#767676` ही राखाडी छटा 4.54 गुण मिळवून काठावर उत्तीर्ण होते. पण फॉन्ट ‘लाइट’ असेल तर अक्षराच्या कडांवरचे पिक्सेल अर्धे राखाडी, अर्धे पांढरे रंगवले जातात. रेषाच एक-दीड पिक्सेलची असली की डोळ्यांपर्यंत पोचणारा फरक कागदावरच्या आकड्याहून कमी होतो. मात्रा आणि वेलांट्या बारीक असल्याने पहिला फटका त्यांनाच. मराठी मजकुरासाठी लाइट वजन टाळावे आणि राखाडी छटा 7 पटीच्या जवळ न्यावी, हे उत्तम.

अँड्रॉइड 14पासून वापरणाऱ्याला अक्षर 200 टक्क्यांपर्यंत मोठे करता येते, त्यामुळे बटणाची उंची आकड्यात बांधून ठेवणे धोक्याचे. ॲप बाजारात आणण्यापूर्वी एका स्वस्त फोनवर अक्षर सर्वांत मोठे करावे, भर उन्हात उभे राहावे आणि प्रत्येक पडद्यावर हे शब्द टाकून पाहावेत: ॲप, दुसऱ्या, राष्ट्रीय, कृषी, शुद्ध, वर्षीं, मूल्य, धनादेश, ९१९. त्यातला एकही तुटला, कापला किंवा चौकोन होऊन आला, तर तो पडदा मराठीत अजून तयार झालेला नाही.