लाल विष्ठेचा माग

2003 साली श्रीलंकेच्या दक्षिणेला एका संशोधन-नौकेवरून समुद्र न्याहाळत असताना आशा डी वोस या तरुण श्रीलंकन अभ्यासिकेला पाण्यावर एक लालसर तवंग दिसला. जवळच निळे देवमासे होते आणि तवंग त्यांच्या विष्ठेचा होता. सहप्रवाशांनी कदाचित नाक मुरडलं असेल, पण तिच्या डोक्यात प्रश्न उभा राहिला. विष्ठा आहे म्हणजे खाणं झालं आहे. आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे या देवमाशांनी इथे, विषुववृत्तापासून इतक्या जवळ, खायलाच नको होतं.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी. मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या थंड, अन्नानं भरलेल्या पाण्यात राहून चरबी साठवतात. हिवाळा आला की हजारो किलोमीटर पोहून उष्ण समुद्रात येतात, पिलं घालतात, आणि तिथे महिनोन् महिने जवळजवळ उपाशी राहतात. अंटार्क्टिकाहून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर येणारे कुबडे देवमासे, म्हणजे हंपबॅक, हाच शिरस्ता पाळतात. आईनं साठवलेल्या चरबीचं दूध होतं आणि पिलू त्यावर वाढतं. उष्ण समुद्र हे बाळंतपणाचं माहेर, जेवणाचं घर दुसरीकडे.

श्रीलंकेचे निळे देवमासे मात्र दोन्ही घरं एकाच समुद्रात थाटून बसले होते. कारण समजायचं तर आधी ते खातात कसं, हे पाहावं लागतं.

देवमासा मासा नाही, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. त्याचे दोन मोठे गट आहेत, आणि तो फरक दातांपासून सुरू होत असला तरी तिथे थांबत नाही. निळा देवमासा, हंपबॅक, ब्राइडस् व्हेल यांना दात नसतात. वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना शेकडो पट्ट्या लोंबतात. त्या केराटिनच्या असतात, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, आणि आतल्या कडेला झालर सुटलेली असते. ही त्यांची चाळणी. तिला बलीन म्हणतात. कोळंबीसारख्या जीवांचा दाट थवा दिसला की निळा देवमासा वेग घेतो आणि जबडा उघडतो. गळ्याखालच्या चुण्या पंख्यासारख्या पसरतात आणि आत इतकं पाणी शिरतं की क्षणभर त्याचा आकार एखाद्या भल्यामोठ्या बेडकाच्या पिलासारखा होतो. मग तोंड मिटून तो पाणी चाळणीतून बाहेर रेटतो आणि आत राहतं ते गिळतो. उघड्या तोंडानं पाणी कापणं हे छत्री उघडून धावण्यासारखं असतं. एकेका घासाला प्रचंड शक्ती जाते. म्हणून विरळ अन्न त्याला परवडत नाही. थवा दाट असेल तरच हिशेब जुळतो. त्याचा सगळा प्रवास, सगळी निवड, या एका हिशेबावर चालते.

दात असलेल्या गटाचं वेगळं. डॉल्फिन याच गटातले, आणि यांचा दादा म्हणजे स्पर्म व्हेल. शरीराच्या साधारण एक तृतीयांश लांबीचं डोकं, त्यातून निघणारे खणखणीत टिकटिक आवाज, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून काळोखात भक्ष्य हुडकण्याची कला. हजार मीटर खोल जाऊन तो माकुळासारखे प्राणी एकेक करून पकडतो आणि पाऊण तास श्वास न घेता राहू शकतो. माकुळाच्या न पचणाऱ्या चोचींभोवती त्याच्या आतड्यात जो पदार्थ साचतो तोच अंबरग्रीस. आपल्याकडे पोलीस ‘व्हेलची उलटी’ म्हणून ज्याच्या तस्करीच्या बातम्या देतात, ती उलटी मुळात आतड्यातली असते. नावावरून किती वर्षं गैरसमज चालू आहे!

म्हणजे एक जण गाळून खातो, दुसरा नेमून मारतो. आणि गाळून खाणाऱ्याकडे प्रतिध्वनीची ही विद्या नाही. हे लक्षात ठेवू, पुढे जहाज येणार आहे.

आता दाट थवे इथे येतात कुठून? उत्तर आहे वारा. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहू लागतात आणि वरचं कोमट पाणी समुद्राकडे ढकलतात. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतानं समृद्ध पाणी वर येतं. त्यावर शेवाळ फोफावतं, शेवाळावर बारीक कोळंबी. जो पाऊस आपल्याकडे भात उगवतो त्याच्याच वाऱ्यावर तिकडे समुद्राचं पीक येतं. पावसाळ्यात निळे देवमासे पश्चिमेच्या त्या पाण्यात चरतात आणि वारे पडल्यावर पूर्वेकडे, मालदीव आणि श्रीलंकेकडे सरकतात, असं निरीक्षणांवरून मांडलं गेलं आहे. साधारण डिसेंबरपासून पूर्वेकडे, एप्रिलच्या सुमारास परत. जुन्या गलबतांनी याच वाऱ्यांवर व्यापार केला. शिवाय या समुद्राच्या उत्तरेला जमीन आहे. ध्रुवाकडे जायला वाटच नाही. म्हणून इथले देवमासे उत्तर-दक्षिण न करता पूर्व-पश्चिम करतात.

अरबी समुद्रातले हंपबॅकही इथेच राहणारे. शंभराहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. ‘लुबान’ नावाच्या एका मादीला ओमानच्या अभ्यासकांनी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं होतं. तिनं अरबी समुद्र ओलांडला, गोव्याच्या बाजूच्या समुद्रातून दक्षिणेला वळली आणि भारताच्या टोकापर्यंत गेली. निळ्या देवमाशांचंही आपल्याला अगदीच वावडं नाही: 2015 साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर मादी आणि पिलू दिसल्याची नोंद झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला जवळजवळ 42 फुटांचा एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. पूर्वी ते किती असतील याचा अंदाज सोविएत जहाजांच्या लपवलेल्या हिशेबांतून येतो. 1960 च्या दशकात त्यांनी या समुद्रात बेकायदा शिकार करून बाराशेहून अधिक निळे देवमासे मारले आणि अरबी समुद्रातल्या 242 हंपबॅकना संपवलं. खरे आकडे बाहेर यायला सोविएत संघ कोसळावा लागला.

शिकार थांबली. धोका मात्र दुसऱ्या रूपानं आला. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला दोंद्रा हेड नावाचं भूशिर आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तिथे तळ एकदम खोल जातो, आणि त्या उताराच्या कडेला थवे दाटतात. (लालसर विष्ठेचं पुढे रासायनिक आणि जनुकीय परीक्षण झालं तेव्हा कळलं की मुख्य अन्न नेहमीचं क्रिल नसून सर्जेस्टिड जातीची कोळंबी आहे, म्हणजे जेवणाची थाळीसुद्धा पाठ्यपुस्तकाहून निराळी.) आणि नेमकी याच पट्ट्यातून जगातली एक फार गजबजलेली जहाजवाट जाते. सुएझकडून सिंगापूरला, न्हावा शेव्याहून मलाक्काकडे जाणारी जहाजं दोंद्रा हेडलाच वळण घेतात. वाकडं कशाला जायचं? भूशिराला जितकं चिकटून तितका डिझेलचा खर्च कमी.

मार्च 2012 मध्ये कोलंबो बंदरात एक कंटेनर जहाज आलं. त्याच्या नाळेवर, पाण्याखालच्या फुगीर नाकावर, एक मेलेला निळा देवमासा आडवा अडकलेला होता. इतकं मोठं जनावर ओढत जहाज बंदरापर्यंत आलं.

देवमासा बाजूला का होत नाही, हा पहिला प्रश्न कुणालाही पडेल. एक उदाहरण आकड्यांनी पाहू. जहाजाचा वेग 18 नॉट, म्हणजे सेकंदाला नऊ मीटरहून थोडा अधिक. देवमासा चरायला बुडी मारतो ती साधारण दहा मिनिटांची. त्यानं बुडी मारली तेव्हा हे जहाज साडेपाच किलोमीटर लांब होतं. तो वर येतो, दमलेला असतो आणि काही वेळ पाण्याच्या थरातच श्वास भरून घेतो. एवढ्यात जहाज समोर. इंजिन आणि पंखा मागच्या टोकाला असतात, त्यामुळे आवाज मागे आणि बाजूला पसरतो. पुढचा भाग जहाजाच्या पोटाआड आवाजाच्या सावलीत राहतो. ज्याला प्रतिध्वनी काढता येत नाही त्याला समोरचं पोलाद उशिरा कळतं. कॅलिफोर्नियाजवळ यंत्र बसवलेल्या निळ्या देवमाशांनी जहाज अगदी जवळ आल्यावर काय केलं, तर बाजूला पळण्याऐवजी ते सावकाश खाली बुडाले, सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. पंधरा मीटर पाण्यात बुडलेल्या जहाजाखालून सुटायला अर्धा मिनिट लागेल, आणि तेवढ्यात जहाज पावणेतीनशे मीटर पुढे आलेलं असतं. कोट्यवधी वर्षं यांना खाली बुडी मारून टाळावं लागेल असा शत्रूच भेटला नव्हता.

जहाजावरच्या माणसाकडूनही फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. कंटेनरच्या रचलेल्या ढिगाआड नाळेसमोरचा समुद्र दिसत नाही. नियमानुसारच पाचशे मीटरपर्यंतचा भाग झाकलेला चालतो. 18 नॉटला ते पाचशे मीटर चोपन्न सेकंदांत संपतात. रात्री तर काहीच नाही.

मेला तरी कळेलच असं नाही. निळा देवमासा मेला की बहुतेक वेळा बुडतो. किनाऱ्याला लागतो तो थोडा भाग. लागलाच तर शवविच्छेदनात हाडं मोडलेली आहेत की नाही, आणि त्याभोवतीच्या मांसात रक्त साकळलं आहे की नाही, हे पाहतात. जिवंतपणी मार बसला तरच रक्त साकळतं. मेल्यावर धक्का लागला तर नुसतं हाड मोडतं. वरून कातडी धड असते आणि आत जबडा चुरा झालेला असतो, असंही होतं. पंख्याच्या समांतर जखमा दिसल्या तर ओळख सोपी, पण नाळेचा धक्का बाहेर खूणच ठेवत नाही. म्हणून टक्करींचे जे आकडे आहेत ते खऱ्या संख्येच्या खाली आहेत एवढंच सांगता येतं.

स्पर्म व्हेलकडे ऐकण्याची एवढी विद्या असूनही तोही सापडतो. खोल बुडीनंतर तो वर येऊन आठ-दहा मिनिटं निपचित पडतो आणि टिकटिक थांबवतो. ग्रीसच्या समुद्रात या टक्करी चिंतेचा विषय झाल्या आहेत.

दोंद्रा हेडच्या उपायाचं गणित मात्र विलक्षण सोपं निघालं. संशोधकांनी देवमाशांच्या नोंदी आणि जहाजांचे मार्ग एकमेकांवर ठेवले. देवमासे उताराच्या अरुंद पट्ट्यात दाटलेले, पुढे खोल समुद्रात विरळ. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जहाजवाट दक्षिणेला फक्त 15 सागरी मैल सरकवली, तर टकरीचा धोका सुमारे 95 टक्क्यांनी कमी होतो. ही वाट औपचारिकपणे बदलायची तर श्रीलंका सरकारला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे प्रस्ताव न्यावा लागतो. 2022 मध्ये जगातल्या मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक, एमएससी, हिनं सरकारची वाट न बघता स्वतःच जहाजं दक्षिणेला वळवली.

जिथे वाट सरकवायला जागा नसते, तिथे वेग कमी करतात. 12 नॉटच्या आसपास धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता निम्म्यावर येते, 15 नॉटच्या पुढे ती जवळजवळ खात्रीच होते. 2008 पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेलच्या काळात मोठ्या जहाजांना 10 नॉटची मर्यादा आहे, ती यामुळेच. दोंद्रा हेडला मात्र मोकळा समुद्र आहे, वेग कमी न करताही तो प्रश्न सुटतो. 15 मैल म्हणजे जहाजाला तासाभराचाही फरक पडत नाही, कारण वाट सरकते तेवढी लांबत नाही.

डिसेंबर ते एप्रिल मिरिस्साहून देवमासे दाखवणाऱ्या नावा निघतात. त्यांच्यावरून दुरून पाहिलं तर फवाऱ्यांमागे क्षितिजावर कंटेनर जहाजांची रांग दिसते. रांग जितकी अंधूक, तितकं बरं.